एकोणिसाव्या आठवड्यातलं पान

‘मंगळवार, रात्री साडेदहा. आठवडा १९, दिवस २. डाव्या कुशीवर पडले होते. बेंबीच्या खाली, जरा उजवीकडे, आतून कुणी बोट टेकवून काढून घ्यावं तसं झालं. दुपारी मटकीची उसळ खाल्ली होती, वायू धरला असेल म्हणून सोडून दिलं. मग परत. अगदी तिथेच. हे पोटाचं नव्हे. त्याला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही. आधी आनंद झाला. मग भीती वाटली. त्यानंतर जे वाटलं ते लिहायलाही नको वाटतंय : आता मागे फिरता येणार नाही.’

ही नोंद नाशिकच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या एकोणतीस वर्षांच्या बाईंच्या वहीतली आहे. आदल्या वर्षी नवव्या आठवड्यात त्यांचा गर्भपात झाला होता. या खेपेला दिवस राहिल्यावर त्यांनी वही घातली, ती खरं तर गोळ्यांच्या वेळा आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न टिपून ठेवण्यासाठी. पहिल्या चार महिन्यांच्या पानांवर तेवढंच सापडतं : फॉलिक ॲसिड, लोहाची गोळी, हिमोग्लोबिन, वजन. मनातलं काही त्यांनी लिहिलं ते एकोणिसाव्या आठवड्यात, आणि तेही बाळ हालल्याची शंका आली त्या रात्री.

त्या पाच-सहा ओळींत पोटातल्या बाळाबद्दल जेवढं आहे, तेवढंच आईच्या मनाबद्दलही आहे. म्हणून ते पान ओळीओळीने वाचण्यासारखं आहे.

पहिली गोष्ट वायूची. त्या रात्री बाईंना जी शंका आली, ती पहिलटकरणींपैकी पुष्कळजणींना येते. सुरुवातीची हालचाल लाथेसारखी नसतेच. कुणी तिला बुडबुडा फुटल्यासारखं म्हणतं, कुणी पापणी फडफडल्यासारखं, तर कुणाला पोटात मासोळी वळल्यासारखं वाटतं. तेव्हा बाळाचं वजन पाव किलोच्या आसपास असतं आणि त्याच्याभोवती गर्भजल असतं. एवढ्याशा पायाने मारलेला धक्का पाण्यातून, गर्भाशयाच्या भिंतीतून पोटापर्यंत पोचेस्तोवर त्याची टिचकी होऊन जाते. वायू आणि बाळ यांतला फरक एका प्रसंगावरून कळत नाही, पुन्हापुन्हा येणाऱ्या अनुभवावरून कळतो. वायू सरकत जातो, त्याच्यामागे गुडगुडतं, ढेकर आली की बरं वाटतं. बाळाची टिचकी मात्र एकाच जागी परत परत येते आणि बहुधा आई निवांत पडलेली असताना. बाईंनी लिहिलेला ‘अगदी तिथेच’ हा शब्द म्हणून महत्त्वाचा.

बाळ मात्र त्या मंगळवारी पहिल्यांदा हललं नव्हतं. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर सातव्या-आठव्या आठवड्यातच गर्भ हलू लागतो. १९८२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तासन्‌तास पाहून या हालचालींचा क्रम नोंदवला. नवव्या आठवड्याच्या सुमारास हात किंवा पाय वेगळा हलतो, उचकीही लागते. दहाव्याच्या आसपास हात तोंडाकडे जातो. त्यानंतर लवकरच बाळ जांभईसुद्धा देतं. म्हणजे बाईंना पहिली टिचकी कळली तेव्हा बाळाला हालचालीचा जवळजवळ तीन महिन्यांचा सराव झाला होता. आईला हे इतके दिवस कळत नाही, कारण गर्भाशय आधी ओटीपोटात खोल असतं. ते वर चढत विसाव्या आठवड्याच्या सुमारास बेंबीच्या पातळीला येतं आणि पोटाच्या पुढच्या भिंतीला टेकतं. ही भिंत स्पर्श चांगला ओळखते. बाळाची खबर आईला तिच्यामार्फत मिळते.

त्यामुळे ‘कधी हलायला लागतं?’ या प्रश्नाला एकच तारीख नसते. पहिल्या खेपेला बहुतेकींना अठरा ते वीस आठवड्यांदरम्यान कळतं. दुसऱ्या खेपेला सोळाव्या आठवड्यातही ओळखू येतं, कारण ती जाणीव आधी एकदा अनुभवलेली असते. आणखी एक मोठं कारण म्हणजे वार कुठे चिकटली आहे ते. सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘प्लासेंटा – अँटीरियर’ असं असेल तर वार पुढच्या बाजूला आहे. बाळ आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये ती उशीसारखी असते. अशा आईला हालचाल उशिरा आणि पुसट कळते, पुढूनपेक्षा कडेने जास्त कळते. त्यात दोष काही नाही. मात्र चोविसावा आठवडा संपत आला तरी काहीच जाणवलं नसेल, तर वार पुढे आहे म्हणून गप्प बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

सोनोग्राफी नव्हती त्या काळात या पहिल्या जाणिवेला आजच्यापेक्षा फार मोठं वजन होतं. बाई खरोखर गरोदर आहे, याचा भरवशाचा पुरावा बहुधा तोच असे. पाळीची तारीख आठवत नसेल तर पहिलटकरणीने बाळ हालल्याच्या दिवसात बावीस आठवडे मिळवायचे आणि प्रसूतीचा अंदाज बांधायचा, असा ठोकताळा वैद्यकीय पुस्तकांत होता. आपल्याकडे तर शब्दातच याची खूण आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं असं सांगून, दोन हृदयांची म्हणून त्या स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हटलं आहे. तिच्या इच्छा या दुसऱ्या हृदयाच्याही इच्छा आहेत, अशी त्यामागची समजूत. ‘डोहाळे’ हा आपला शब्द संस्कृत ‘दोहद’ या शब्दातून आला, आणि त्याचं नातं याच दौहृदाशी जोडलं जातं. गरोदर बाईला ‘दोन जिवांची’ म्हणतो तेव्हाही आपण तेच म्हणत असतो.

कायद्यानेही ही रेघ ओढली. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ मध्ये बेकायदा गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, पण गर्भ हालू लागलेला असेल तर सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्येही हा फरक तसाच ठेवला आहे. जी खूण फक्त त्या बाईलाच आतून कळते, ती अशी कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसली आहे.

आता पानावरची दुसरी गोष्ट : ‘त्याला हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही.’ नवरा शेजारच्या खोलीत होता. बाईंनी त्याला तीन दिवस सांगितलं नाही, आईला फोनवर सांगितलं नाही, सासूबाईंनाही नाही. का, ते पुढच्या पानावर आहे : ‘शुक्रवारी स्कॅन आहे. तोवर कुणालाच नको. गेल्या वेळी सगळ्यांना सांगून बसले आणि मग एकेकाला परत सांगावं लागलं.’

शुक्रवारचा स्कॅन म्हणजे ॲनॉमली स्कॅन. अठरा ते बावीस आठवड्यांच्या मधली ही सोनोग्राफी बाळाचा मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे, मूत्रपिंडं, ओठ, हातपाय हे सगळं क्रमाने तपासते. हे अवयव दिसण्याइतके मोठे झालेले असतात आणि काही गंभीर आढळलं तर विचार करायला वेळही उरतो, म्हणून ही वेळ ठरली. आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे होती, त्यामुळे हा स्कॅन त्याआधी उरकण्याकडे कल असे. २०२१ च्या दुरुस्तीने काही परिस्थितींत ही मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेली, आणि बाळात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही वाट ठेवली. म्हणजे बाळ आईला पहिल्यांदा आपली ओळख देतं, नेमक्या त्याच पंधरवड्यात त्याच्या तब्येतीचा सगळ्यात मोठा निकाल लागायचा असतो. बाईंच्या वहीतला आनंद आणि भीती एका ओळीत आली, त्यात नवल नाही. तारखाच तशा एकमेकींवर येतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बार्बरा कात्झ रॉथमन यांनी या अवस्थेवर १९८६ साली पुस्तक लिहिलं. गर्भजलाची तपासणी करून निकालाची वाट पाहणाऱ्या आणि ती न केलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या बायकांशी त्या बोलल्या. निकालाची वाट पाहणाऱ्या बायकांनी बाळाची हालचाल जाणवल्याची वेळ इतरांपेक्षा उशिराची सांगितली. त्यांची बाळं कमी हलत होती असं मानायला कारण नाही. निकाल येईपर्यंत त्या स्वतःला थोपवून धरत होत्या, असा अर्थ रॉथमन यांनी लावला. पोटात काही हललं, पण ते बाळ आहे असं मानायला मन तयार नव्हतं. नाशिकच्या बाईंचं ‘तोवर कुणालाच नको’ हे याच जातीचं आहे. आधी गर्भपात झालेल्या बायकांत हे हातचं राखून ठेवणं विशेष दिसतं. ते प्रेम नसल्याचं लक्षण नव्हे. आधी एकदा बसलेल्या धक्क्यानंतर मनाने लावून घेतलेली ती शिस्त असते.

हे आजच्या यंत्रांनी आणलेलं आहे असंही नाही. ‘स्त्रियांच्या हक्कांचं समर्थन’ हा ग्रंथ १७९२ साली लिहिणारी इंग्रज लेखिका मेरी वोल्स्टनक्राफ्ट १७९३ च्या अखेरीस पॅरिसमध्ये होती. बाहेर क्रांतीचा रक्तपात चालू होता आणि ती गरोदर होती. बाळाचा बाप गिल्बर्ट इम्ले याला तिने लिहिलेली पत्रं तिच्या मृत्यूनंतर १७९८ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका पत्रात ती सांगते की पोटात हलकेसे झटके जाणवू लागले आहेत, आपण एक जीव पोसतो आहोत असं वाटू लागलं आहे, मन माया करायला लागलं आहे. आणि लगेच पुढे : काल एक जड ओंडका घाईने उचलला, आपल्याला इजा झाली असं वाटलं, तेव्हा तळमळत बसून राहिले, ते झटके पुन्हा जाणवेपर्यंत. हसू नकोस, अशी विनवणीही तिने त्यात केली आहे. सुखाची खबर आणि ती हरवण्याची धास्ती एकाच पत्रात आहे, सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या. ते बाळ, फॅनी, १४ मे १७९४ रोजी सुखरूप जन्मलं.

पण नाशिकच्या वहीतलं तिसरं वाक्य अधिक अवघड आहे. ‘आता मागे फिरता येणार नाही.’ बाळ हवं होतं, ठरवून होतं, एकदा हरवून पुन्हा मिळालं होतं. तरीही असं का वाटावं? दोन दिवसांनी बाईंनी स्वतःच त्याचं उत्तर लिहिलं : ‘आजवर मी गरोदर होते. आता माझ्यात दुसरं कुणीतरी आहे. ते हलतं ते माझ्या मनाने नाही, त्याच्या मनाने. दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिताना हललं आणि मी पायरी चुकले. माझं शरीर, पण मला विचारून काही होत नाही.’ त्याखाली शाळेची गणितं आहेत : रजा कधीपासून, बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी वर्ग कुणाकडे द्यायचा, परत आल्यावर तोच वर्ग मिळेल का. मग एक ओळ : ‘सगळ्या म्हणतात की हललं की डोळ्यांत पाणी येतं. माझ्या नाही आलं. माझ्यात काही कमी आहे का?’

कमी काही नव्हतं. आईपणात ओढ आणि नकोसेपण बरोबरीने असतात, यावर मानसशास्त्रात भरपूर लिहिलं गेलं आहे. ब्रिटिश मानसोपचारक रोझिका पार्कर यांचं १९९५ चं पुस्तक केवळ याच विषयावर आहे. असं उलटसुलट वाटणं हा आजार नव्हे आणि ते दडपण्यापेक्षा ओळखणं आईला सोयीचं ठरतं, अशी त्यांची मांडणी आहे. आजार वेगळा दिसतो. बाईंच्या वहीत भीतीनंतर गणित येत होतं, कंटाळ्यानंतर आंब्याच्या लोणच्याची इच्छा येत होती, शुक्रवारची वाट पाहणं होतं. भावना बदलत होत्या. काळजी करावी ती त्या बदलेनाशा झाल्या की. सलग दोन आठवडे मन उदास, कशातच रस नाही, पोट दुखत नसताना झोप लागत नाही, आपण नालायक आहोत असं सतत वाटतं, बाळ हललं तरी काहीच वाटत नाही किंवा चीडच येते, मरणाचे विचार येतात, यांतलं काही असेल तर त्याला ‘डोहाळे’ म्हणून सोडून देऊ नये.

गोव्यातला एक अभ्यास इथे आठवायला हवा. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीत आलेल्या २७० गरोदर बायकांची नोंद घेतली आणि बाळंतपणानंतर त्यांना पुन्हा भेटले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या ७८ टक्के आयांचं मानसिक स्वास्थ्य गरोदरपणातच लक्षणीय बिघडलेलं होतं. पैशांची ओढाताण, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगी झाल्याचं दुःख या गोष्टी नैराश्याशी जोडलेल्या निघाल्या. म्हणजे पोटात बाळ असताना विचारलं असतं, तर यांतल्या बहुतेकींचा त्रास आधीच कळला असता. विचारायलाही फार लागत नाही. १९८७ साली एडिंबरोमध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एक यादी डॉक्टर त्यासाठी वापरतात, आणि ती भरायला पाच-दहा मिनिटं लागतात.

मुलीचा विषय बाईंच्या घरीही निघाला. शुक्रवारी स्कॅन नीट झाला, तेव्हा त्यांनी सगळ्यांना सांगितलं. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी लगेच विचारलं, ‘उजवीकडे हालतं का? मग मुलगा.’ हालचालीच्या जागेवरून किंवा जोरावरून मुलगा-मुलगी कळत नाही. टिचकी कुठे जाणवते ते बाळ कसं आडवंतिडवं आहे आणि वार कुठे आहे यावर ठरतं, आणि या वयात बाळ दिवसातून कितीतरी वेळा कोलांट्या घेतं. गर्भलिंग तपासणं तर १९९४ च्या कायद्याने गुन्हाच आहे. वहीत त्या दिवशी एवढंच आहे : ‘उजवीकडे, डावीकडे, मध्ये. सगळीकडे हलतं. सांगितलं त्यांना तसंच.’

नवऱ्याला मात्र काहीच लागत नव्हतं. तो पोटावर हात ठेवून बसे आणि बाळ नेमकं गप्प होई. हेही सरधोपट आहे. बाहेरच्या हाताला धक्का जाणवायला आणखी काही आठवडे जावे लागतात. बाईंच्या वहीत तो दिवस तेविसाव्या आठवड्यात आहे : ‘आज त्याच्या तळहाताला लागलं. हात झटकन काढून घेतला त्याने. मग परत ठेवला.’

त्याआधी, बाविसाव्या आठवड्यात, एक वाईट दिवस येऊन गेला. गुरुवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काही हललं नाही. बाईंनी गोड खाल्लं, थंड पाणी प्यायलं, फोनवर ठोके ऐकवणारं उपकरण मागवायला घेतलं. शेवटी डॉक्टरांकडे गेल्या. ठोके नीट होते. डॉक्टरांनी त्यांना जे समजावलं ते प्रत्येकीने नीट ध्यानात ठेवण्यासारखं आहे. या महिन्यात बाळ लहान असतं, ते पाठीकडे तोंड करून वळलं तर त्याच्या लाथा आईला कळत नाहीत. सगळा दिवस हालचाल न कळणं या टप्प्यावर घडू शकतं. शंका आली तर तपासून घ्यावं, पण मोजणी करत बसण्याची ही वेळ नव्हे.

मोजण्याची वेळ अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून येते. तोवर बाळाच्या झोपेची आणि जागेपणाची घडी बसते. ते साधारण वीस ते चाळीस मिनिटं झोपतं, क्वचितच दीड तासाच्या वर. प्रत्येक बाळाची रीत वेगळी. कुणी रात्री नाचतं, कुणी आईच्या जेवणानंतर. म्हणून शेजारणीच्या बाळाशी तुलना नको, आपल्या बाळाच्या कालच्या वागण्याशी हवी. हालचाल कमी वाटली तर डाव्या कुशीवर शांत पडून तिच्याकडेच लक्ष द्यावं. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत, तर त्याच वेळी रुग्णालयात जावं. मुळीच हालचाल नसेल तर दोन तासही थांबू नये. ‘दिवस भरत आले की बाळ कमी हलतं’ हे पुष्कळ घरांत सांगितलं जातं, ते चूक आहे. जागा कमी झाल्याने लाथेची जागा वळवळ घेते, पण हालचालींची संख्या शेवटपर्यंत ओसरत नाही. गोड खाऊन वाट पाहणं आणि घरच्या उपकरणावर ठोके ऐकून निश्चिंत होणं या दोन्हींत वेळ जातो. त्रासात असलेल्या बाळाचेही ठोके ऐकू येतात, आणि त्या उपकरणात कित्येकदा आईचीच नाडी ऐकू येते.

नाशिकच्या बाईंची वही अजून चालू आहे. सध्या एकतिसावा आठवडा आहे. उजव्या पानावर गोळ्या आणि रक्तदाब, डाव्या पानावर मनातलं. अशी वही ठेवणाऱ्या आणि न ठेवणाऱ्या सगळ्याच बायकांना एक सांगणं आहे. पुढच्या तपासणीला जाताना वजनाच्या आणि रक्तदाबाच्या आकड्यांबरोबर मनाचं डावं पानही डॉक्टरांसमोर ठेवा, मग ते कितीही परस्परविरोधी असो. आणि मन सलग दोन आठवडे अंधारातच असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. आणि घरच्यांनो, ‘आज हललं का?’ असं तुम्ही तिला रोज विचारता, त्याच्या जोडीला ‘तुला कसं वाटतंय?’ हेही विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत तिच्याजवळ बसा.